उंटाच्या मदारीत चरबी, मग पाणी कुठून? (बालवर्गाच्या प्रश्नमंजुषेसाठी मदत हवी)

मेधा_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. आमच्या बडोद्याच्या मंडळाच्या शनिवारच्या मराठी बालवर्गात मी तिसरी ते पाचवीची मुलं घेते. बहुतेक जण इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाचे आहेत, मराठी घरी बोलतात आणि वाचायला हळू आहेत. या महिन्याचा विषय आहे 'वाळवंटातले प्राणी'. शेवटी एक छोटी प्रश्नमंजुषा घ्यायची आहे, पर्यायी उत्तरांची. कच्चा मसुदा असा:

१. उंटाच्या मदारीत काय साठवलेलं असतं?
अ) पाणी आ) चरबी इ) दूध ई) हवा

२. उंटाने लांब पापण्या कशासाठी वाढवल्या?
अ) छान दिसण्यासाठी आ) डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून इ) ऊब मिळावी म्हणून

३. फेनेक कोल्ह्याचे कान एवढे मोठे का असतात?
अ) अंगातली उष्णता बाहेर टाकायला आ) वाळूखालचे किडे ऐकू यायला इ) उडी मारताना तोल सांभाळायला

४. वाळवंटातले बरेचसे लहान प्राणी भर दुपारी कुठे असतात?
अ) झाडाच्या शेंड्यावर आ) बिळात इ) तळ्यात

५. उंट पाण्याशिवाय बरेच दिवस कसा राहतो?
अ) मदारीतलं पाणी पितो आ) मदारीतल्या चरबीचं पाणी करतो इ) पाणी फार कमी वाया घालवतो ई) वरीलपैकी सर्व

माझी अडचण पाचव्या प्रश्नाची आहे. काही ठिकाणी उत्तर 'आ' दिलंय, काही ठिकाणी 'इ'. कोणतं बरोबर धरू? आणि एक गोष्ट लक्षात आली. पहिला प्रश्न मी वर्गात तोंडी विचारला तेव्हा जवळजवळ सगळे 'चरबी' म्हणून ओरडले. पण 'मग उंटाला तहान का लागत नाही?' असं विचारल्यावर तीच मुलं म्हणाली, 'मदार आहे ना!' म्हणजे शब्द बरोबर आणि चित्र डोक्यात जुनंच.

---

समीर_अलकापुरी

मेधाताई, 'आ' बरोबर आहे, निःशंक लिहा. चरबी शरीरात जळली की तिच्यातून पाणी तयार होतं, हे रसायनशास्त्र आहे. एक किलो चरबीतून एक लिटरपेक्षा थोडं जास्तच पाणी मिळतं, कारण चरबीतल्या हायड्रोजनला हवेतला ऑक्सिजन जोडला जातो. मोठ्या उंटाच्या मदारीत तीसेक किलो चरबी धरली तर तीस लिटर पाण्याची सोय झाली की नाही? म्हणजे मुलं अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. पाणी आहे, फक्त चरबीच्या रूपात आहे.

---

दत्तात्रय_आजोबा_निझामपुरा

मेधाबेन, मुलांना प्राणी दाखवायला न्यायचं असेल तर लांब जायची गरज नाही. कमाटीबागेत घेऊन जा. आमच्या लहानपणी आम्ही दर रविवारी जात असू. प्राणिसंग्रहालय तर आहेच, पण म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा जरूर दाखवा. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला निळा देवमासा आहे तो, सुमारे २२ मीटर लांब. मुलं तोंड उघडं टाकून बघत राहतात. सकाळी लवकर जा, दुपारी ऊन फार.

---

मेधा_दांडियाबाजार

आजोबा, सहल नाही, प्रश्नपत्रिका करायची आहे. पण सुचवल्याबद्दल आभार, सांगाडा बहुतेक मुलांनी पाहिलेला आहे.

समीरभाऊ, तीस लिटरचा हिशोब पटला. पण मग 'इ' वाले चूक का?

---

मास्तर_रावपुरा

मी बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. समीरने सांगितलेलं रसायनशास्त्र बरोबर आहे, पण हिशोब अर्ध्यावर सोडलाय. पुढचा अर्धा करू.

एक किलो चरबी जाळायला साधारण दोन हजार लिटर ऑक्सिजन लागतो. तो हवेतून घ्यायचा. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा, आणि फुप्फुसं त्यातलाही थोडाच उचलतात. शंभर लिटर हवा आत घेतली तर पाचेक लिटर ऑक्सिजन वापरला जातो, असं धरा. म्हणजे त्या एका किलोसाठी चाळीस हजार लिटर हवा आत घ्यायची आणि बाहेर सोडायची. आत येते ती वाळवंटातली कोरडी हवा, बाहेर जाते ती फुप्फुसांतली ओली हवा. नाकात काहीच वाचलं नाही तर दर लिटरमागे पस्तीसेक मिलिग्रॅम पाणी वाफ होऊन जातं. चाळीस हजार गुणिले पस्तीस मिलिग्रॅम म्हणजे १.४ लिटर. मिळालं सुमारे १.१ लिटर, गेलं १.४. नफा कुठे आहे?

म्हणून मदार ही पाण्याची टाकी नाही, आणि टाकीचा छुपा प्रकारही नाही. तिला रानात न्यायचा शिदोरीचा डबा म्हणा. चारा नसेल तेव्हा उंट तो डबा उघडतो.

---

समीर_अलकापुरी

काका, पण श्वास तर उंट एरवीही घेणारच ना? चरबी जाळली नाही म्हणून तो श्वास घ्यायचा थांबत नाही. मग तो खर्च चरबीच्या नावावर का टाकायचा? माझ्या मते ते १.१ लिटर जमेलाच धरायला हवेत.

---

मास्तर_रावपुरा

प्रश्न रास्त आहे. श्वास कशासाठी घेतो? इंधन जाळण्यासाठीच. मग ते इंधन मदारीतलं असो की आज खाल्लेल्या चाऱ्यातलं, ऑक्सिजन लागतोच आणि पाणी दोन्हींतून तयार होतं. तेवढीच ताकद पिठूळ धान्यातून मिळवली तर पाणी चरबीपेक्षा थोडं जास्तच मिळतं. तेव्हा असं म्हणू: शरीरात तयार होणारं पाणी जमेला धरायचं, हे तुझं बरोबर. पण ते तुला, मला, उंदराला, सगळ्यांनाच मिळतं. मदार असल्यामुळे उंटाला त्याचा वेगळा लाभ होतो, हे बरोबर नाही.

या पाण्यावर खरोखर जगणारे प्राणी आहेत. अमेरिकेतला कांगारू उंदीर कोरडं बी खाऊन जगतो, पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. पण त्याला ते जमतं कारण तो दिवसा गार, दमट बिळात बसतो आणि त्याची लघवी अतिशय घट्ट असते. तिथेही खरी करामत पाणी 'बनवण्यात' नाही, न घालवण्यात आहे. मेधाताई, म्हणून 'इ' धरा.

---

अनघा_प्राथमिक

मी तिसरी-चौथीला शिकवते, तेव्हा प्रश्न कसे मांडलेत त्याबद्दल बोलते.

पाचव्यात 'वरीलपैकी सर्व' काढून टाका. पर्याय 'अ' चूक आहे म्हटल्यावर 'सर्व' बरोबर असूच शकत नाही, तरी लहान मुलं तेच निवडतात. त्यांना वाटतं सगळं घेतलं की चुकणार नाही.

तिसऱ्यात दोन उत्तरं बरोबर आहेत. फेनेकचे कान उष्णताही टाकतात आणि त्याला वाळूखालचे किडेही ऐकू येतात. ज्या मुलाने प्राण्यांचा कार्यक्रम बघितलाय ते 'आ' निवडेल, आणि तुम्ही त्याला शून्य द्याल.

पण सगळ्यात महत्त्वाचा पहिला प्रश्न. तिथे 'दूध' आणि 'हवा' कोणी निवडणार नाही. चुकीचा पर्याय असा हवा की ज्याच्या डोक्यात चुकीची कल्पना आहे ते मूल नेमकं तिथेच जाऊन बसेल. तेव्हाच पेपर तपासताना कळतं की कुणाला काय समजलंय. आत्ताचा प्रश्न 'चरबी' हा शब्द पाठ आहे का, एवढंच तपासतो. दुसरा प्रश्न विचारा, ज्यात 'चरबी' शब्दच नाही. उदाहरणार्थ:

'दोन उंट आहेत. पहिल्याला दोन आठवडे पाणी मिळालं, चारा नाही. दुसऱ्याला चारा मिळाला, पाणी नाही. कोणाची मदार लहान होईल?'

---

मूळची_भुजची

अनघाताई, प्रश्न छान आहे पण एक अडचण दिसते. माझं माहेर भुजला, उंट पाळणारे लोक आमच्या ओळखीचे होते. तहानलेला उंट सुका चारा नीट खातच नाही. समोर टाकला तरी तोंड लावून सोडून देतो. म्हणजे तुमचा दुसरा उंटही काही दिवसांनी उपाशीच राहणार आणि त्याचीही मदार उतरणार. खरा उंट पाहिलेलं एखादं मूल म्हणेल 'दोघांची', आणि ते बरोबर असेल.

आणखी एक. आमच्या कच्छमध्ये खराई उंट आहेत, ते खाडीत पोहत जातात आणि बेटांवरची चेरियाची, म्हणजे खारफुटीची, झाडं खातात. २०१५ साली त्यांना वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. माझ्या मुलाने शाळेत 'उंट कुठे राहतो' याला 'समुद्राजवळ' लिहिलं होतं आणि त्यावर लाल रेघ आली. आजही त्याला ते आठवतं. तुमच्या पेपरात उंट म्हणजे फक्त वाळू असं होऊ देऊ नका, एवढीच विनंती. आपल्या राज्यातलाच प्राणी आहे.

---

मास्तर_रावपुरा

भुजच्या ताईंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पाणी कमी पडलं की उंटाची भूक मरते. प्रश्नातलं पाणी दोघांनाही सारखं द्या आणि चारा बदला:

'दोन उंट आहेत. दोघांनाही रोज भरपूर पाणी मिळतं. पहिल्याला चारा फार कमी मिळतो. दुसऱ्याला पोटभर चारा मिळतो. काही आठवड्यांनी कोणाची मदार लहान झालेली दिसेल?
अ) पहिल्याची आ) दुसऱ्याची इ) कोणाचीच नाही, दोघांना पाणी मिळतंय'

ज्याला मदार म्हणजे अन्नाचा साठा हे कळलंय ते 'अ' म्हणेल. मदारीत पाणी आहे असं ज्याला अजून वाटतं ते 'इ' वर जाईल. पहिल्या प्रश्नात 'चरबी' आणि इथे 'इ' लिहिणारी मुलं तुम्हाला नेमकी सापडतील.

आणि हे खरंच घडतं, कल्पना नाही. उपाशी उंटाची मदार ढिली पडते, एका बाजूला कलंडते. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या मदारीत चरबी भरलेलीच नसते, ती नुसती कातडीची घडी दिसते. चित्र दाखवता आलं तर दाखवा.

---

टिनूची_आई

माझी मुलगी तिसरीत आहे. आम्ही लडाखला नुब्रा खोऱ्यात गेलो होतो, हुंडरला दोन मदारींचे उंट बघितले. तिथे तर थंडी होती! ती सारखी विचारत होती की एवढ्या थंडीत यांना दोन-दोन टाक्या कशाला. मी सांगितलं की तिथे पाणी गोठतं म्हणून जास्त साठवतात. हे चुकीचं ठरतं का मग? आता तिला काय सांगू?

---

मास्तर_रावपुरा

तिला सांगा की दोन्ही मदारींत चरबीच आहे, आणि हिवाळ्यात तिथे गवत मिळत नाही तेव्हा ती कामाला येते. तिचा प्रश्न फार चांगला आहे. वाळवंट म्हणजे गरम असं नाही, वाळवंट म्हणजे पाऊस अगदी कमी. नुब्रातला उंट हिवाळ्यात जाड लोकर वाढवतो आणि उन्हाळा आला की तिचे पुंजके गळून पडतात.

याच धाग्यावर एक गोष्ट सांगतो. कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समियर बेटावर, सुमारे पस्तीस लाख वर्षांपूर्वीच्या उंटाच्या हाडाचे तुकडे सापडले. शोध २०१३ साली जाहीर झाला. तिथे तेव्हा रान होतं आणि लांब हिवाळ्यात कित्येक महिने अंधार नि बर्फ. उंटांचं घराणं मूळचं उत्तर अमेरिकेचंच. त्यामुळे काही संशोधकांना वाटतं की पसरट पाय आणि मदार आधी बर्फात आणि लांब हिवाळ्यात उपयोगी पडले असतील, वाळूत नंतर. नक्की झालेलं नाही, पण म्हणूनच मला दुसऱ्या प्रश्नातलं 'उंटाने पापण्या वाढवल्या' हे खटकतं. कोणत्याही उंटाने ठरवून काही वाढवलेलं नाही. 'लांब पापण्यांमुळे उंटाला काय फायदा होतो?' असं विचारा.

---

अनघा_प्राथमिक

सर, विज्ञान म्हणून तुम्ही बरोबर आहात. पण तिसरीच्या मुलाशी बोलताना 'कशासाठी' हाच शब्द स्वाभाविक येतो. पेन कशासाठी, दप्तर कशासाठी, पापण्या कशासाठी. तो काढला की वाक्य अवघड होतं आणि मराठी हळू वाचणारी मुलं अडखळतात. उत्क्रांती आठवी-नववीत कळेलच.

---

मास्तर_रावपुरा

'वाढवल्या' आणि 'कशासाठी' यांत फरक आहे. 'पापण्या कशासाठी' चालेल. 'उंटाने वाढवल्या' म्हटलं की मुलाला वाटतं आपणही वाळूत राहिलो तर आपल्या पापण्या वाढतील. मी अकरावीच्या मुलांच्या तोंडून हे ऐकलेलं आहे. तिसरीत बसलेली कल्पना सहजी निघत नाही.

---

मेधा_दांडियाबाजार

'वाढवल्या' काढते. 'फायदा काय होतो' जास्त सोपं वाटतंय मला तरी. अनघाताई, नाराज होऊ नका.

आता पाचव्याकडे येते. 'पाणी कमी वाया घालवतो' हे उत्तर धरलं तरी मुलं विचारणार, कसं? मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. घाम येत नाही एवढंच ऐकलंय.

---

समीर_अलकापुरी

घाम येतच नाही त्याला, म्हणूनच. आणि पोटात पाण्याच्या पिशव्या असतात, प्रवासी लोक अडचणीत उंट मारून ते पाणी प्यायचे, असं लहानपणी वाचलंय.

---

मास्तर_रावपुरा

घाम येतो. पण उशिरा आणि बेताने. उंटाच्या पोटात पातळ पदार्थ असतो तसा गाई-म्हशीच्याही पोटात असतो, चारा भिजवून पचवायला. राखीव साठा म्हणावा असं त्यात काही नाही.

घामाची गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नमंजुषेत शिकण्यासारखी तीच आहे. क्नूट श्मिट-निल्सन नावाचे शास्त्रज्ञ १९५०च्या दशकात सहारात, अल्जीरियातल्या बेनी अब्बेसला जाऊन राहिले आणि त्यांनी उंटांचं तापमान मोजलं. भरपूर पाणी प्यायलेल्या उंटाचं तापमान दिवसभरात दोनेक अंशच बदलत होतं. पण पाणी तोडल्यावर तोच उंट पहाटे ३४ अंशांच्या आसपास असायचा आणि दुपारी ४० अंशांच्या वर जायचा. आपल्याला ४० म्हणजे सणकून ताप. उंटाला तो रोजचा दुपारचा आकडा.

यात वाचतं काय? पाचशे किलोचा उंट घ्या. त्याचं अंग सहा अंशांनी तापू दिलं तर साधारण अडीच हजार किलोकॅलरी उष्णता अंगातच साठते. हीच उष्णता घामाने घालवायची तर एका लिटरला सुमारे ५८० किलोकॅलरी या हिशोबाने चार लिटरपेक्षा जास्त पाणी लागलं असतं. दर दिवशी चार लिटर वाचले. रात्री वाळवंट गार पडतं, तेव्हा साठलेली उष्णता आपोआप बाहेर निघून जाते, पाण्याचा थेंबही न घालवता. शिवाय दुपारी अंगच तापलेलं असल्यामुळे बाहेरच्या हवेतून आत येणारी उष्णताही कमी होते.

पाठीवरच्या लोकरीचंही तसंच. मुलांना वाटतं जाड केस म्हणजे जास्त गरम. श्मिट-निल्सन यांनी एका उंटाची लोकर कापून पाहिली, तर त्याला न कापलेल्या उंटापेक्षा जवळजवळ दीडपट घाम गाळावा लागला. लोकर ऊन अंगापर्यंत पोचू देत नाही.

---

दत्तात्रय_आजोबा_निझामपुरा

मास्तर, मी मघाशी देवमाशाचं लिहिलं ते विषयाला सोडून झालं. पण मला आता शंका आली. देवमाशालाही चरबी भरपूर असते ना? त्याची मदार कुठे?

---

मास्तर_रावपुरा

आजोबा, सोडून मुळीच नाही झालं. देवमाशाची चरबी कातडीखाली सगळ्या अंगभर असते, कारण त्याला गार पाण्यात ऊब टिकवायची आहे. उंटाची चरबी अशी अंगभर असती तर रात्री उष्णता बाहेर टाकणं अवघड झालं असतं. ती बरीचशी एका जागी, पाठीवर गोळा झालेली आहे, बाकीचं अंग मोकळं. मेधाताईंच्या मुलांनी तो सांगाडा पाहिलेला आहे, तेव्हा प्रश्न तिथूनच काढता येईल:

'देवमाशाची चरबी अंगभर असते. उंटाची एकाच ठिकाणी असते. याचा उंटाला काय फायदा?
अ) त्याला पळता येतं आ) बाकीच्या अंगातून उष्णता सहज बाहेर जाते इ) चरबीत पाणी जास्त राहतं'

---

अनघा_प्राथमिक

हा पाचवीला चालेल. तिसरीला दोन प्राण्यांची तुलना आणि वर 'फायदा', जड होईल. आणि बरोबर पर्याय सगळ्यात लांब आहे. मुलं न वाचताच लांब पर्यायावर खूण करतात, हे मी दरवर्षी बघते. पर्याय एकसारख्या लांबीचे करा.

---

मेधा_दांडियाबाजार

शनिवारी घेतली प्रश्नमंजुषा. कळवते काय झालं.

पहिला प्रश्न, मदारीत काय: अपेक्षेप्रमाणे जवळजवळ सगळे बरोबर. दोन उंटांचा प्रश्न: 'चरबी' लिहिलेल्यांपैकी बऱ्याच मुलांनी 'इ', म्हणजे दोघांना पाणी मिळतंय म्हणून कोणाचीच लहान होणार नाही, असं लिहिलं. मास्तरकाकांनी सांगितलं तसंच. मी त्यांना पिल्लाचा आणि कलंडलेल्या मदारीचा फोटो दाखवला आणि पुन्हा विचारलं. एक मुलगा म्हणाला, 'म्हणजे उपाशी राहिला की मदार खातो तो.' बाकीच्यांना त्याच्या वाक्यानेच कळलं, माझ्या समजावण्यापेक्षा.

काही जणांनी 'आ' लिहिलं आणि ते मला कळेना. विचारलं तर लक्षात आलं की त्यांनी 'लहान'च्या जागी 'मोठी' असं समजून वाचलं होतं. तेव्हा तो शब्द ठळक छापायला हवा.

पाचवा प्रश्न मी असा केला होता: 'तहानलेल्या उंटाचं अंग भर दुपारी कसं असतं? अ) सकाळीइतकंच थंड आ) सकाळपेक्षा बरंच गरम इ) घामामुळे ओलंचिंब'. बहुतेकांनी 'अ' लिहिलं. त्यांना वाटतं उंट वाळवंटात सुखाने राहतो म्हणजे त्याला गरम होतच नाही. त्यावर पंधरा मिनिटं बोलणं झालं आणि शेवटी एकीने विचारलं की आपलं अंग असं तापलं तर काय होईल. मी स्पष्ट सांगितलं की आपण आजारी पडू, म्हणून आपण मे महिन्यात पाणी पीत राहायचं, उंटाची नक्कल करायची नाही.

---

टिनूची_आई

तो प्रश्न विचारणारी टिनूच असावी! घरी आल्यावर तिने मला सांगितलं की नुब्राच्या उंटाबद्दल मी चुकीचं सांगितलं होतं. आता ती विचारतेय की उंटाला पाणी मिळालं की तो एकदम किती पितो. शंभर लिटर ऐकलंय, खरं का?

---

मास्तर_रावपुरा

खूप तहानलेला मोठा उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊ शकतो. अंगातलं पाणी घटून वजन पाव हिश्श्याने उतरलं तरी तो तग धरतो. आपली अवस्था दहाव्या हिश्श्यालाच गंभीर होते. एवढं पाणी एकदम रक्तात मिसळलं तर दुसऱ्या प्राण्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून फुटतील. उंटाच्या पेशी लांबट असतात आणि दुपटीहून जास्त फुगल्या तरी फुटत नाहीत. टिनूला सांगा की उंट पाणी साठवत नाही, झालेली तूट एका बैठकीत भरून काढतो.

---

मूळची_भुजची

माझ्या मुलाला हा धागा वाचून दाखवला. तो आता दहावीत आहे. त्याचं म्हणणं आहे की खराई उंटावर एक प्रश्न असायलाच हवा. त्याने करून दिलेला: 'कच्छचे खराई उंट खाडीतून पोहत कशासाठी जातात? अ) मासे पकडायला आ) चेरियाची पानं खायला इ) उन्हापासून लपायला'.

---

समीर_अलकापुरी

चांगला आहे, पण हा वाळवंटाशी जुळवून घेण्याचा प्रश्न झाला का? विषय तर तोच आहे ना?

---

मूळची_भुजची

रणात आणि खाडीच्या कडेला गोड्या पाण्याची टंचाई तशीच असते, समीरभाऊ. पावसाळ्यात ते उंट बेटांवर राहतात, तिथल्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं तोवर. ते आटलं की उंट पाळणारे मालधारी त्यांना प्यायला परत किनाऱ्यावर आणतात.

---

अनघा_प्राथमिक

मला तो प्रश्न आवडला. फक्त 'चेरिया' शब्द बडोद्याच्या किती मुलांना माहीत असेल? शेजारी झाडाचं चित्र द्या. आणि मेधाताई, फेनेकच्या जागी काय घेतलंत ते सांगितलं नाहीत.

---

मेधा_दांडियाबाजार

फेनेक काढून सांडा नावाचा सरडा घेतला. कच्छमध्ये सापडतो आणि आत शिरल्यावर बिळाचं तोंड मातीने बंद करतो, म्हणून चौथ्या प्रश्नाला जोडून: 'सांडा बिळाचं तोंड आतून का बंद करतो?' पर्याय ठेवले होते: अ) गरम हवा आत येऊ नये आ) शत्रू आत येऊ नये इ) पाऊस आत येऊ नये. आता लिहिताना दिसतंय की इथेही अनघाताईंचा फेनेकचा मुद्दा उभा राहतो, 'अ' आणि 'आ' दोन्ही खरे असतील. मास्तरकाका, भुजच्या ताई, तुम्ही हा प्राणी पाहिलाय. तो बीळ बंद करतो ते मुख्यतः दुपारी की संध्याकाळी?

---

मूळची_भुजची

मी संध्याकाळी बंद झालेली बिळं पाहिली आहेत. दुपारचं माझ्या भावाला विचारून सांगते, तो अजून तिकडेच असतो.